बचत गटाचे वर्षअखेरचे वाटप: हिशेब बंद करून प्रत्येकाचा वाटा काढण्याची क्रमवार पद्धत

दरमहा बचत गोळा करायची, त्यातून सभासदांनाच व्याजाने कर्ज द्यायचे आणि मार्चअखेर बचत व नफा सर्वांना वाटून नव्याने सुरुवात करायची, या पद्धतीने चालणाऱ्या गटांत वर्षभर सगळे सुरळीत असते आणि वाद होतो तो नेमका वाटपाच्या दिवशी. कारण बहुधा अफरातफरीचे नसते. कर्जाची परतफेड आणि व्याज एकाच रकान्यात लिहिलेले असते, नफा सर्वांना सारखा वाटलेला असतो किंवा थकलेले कर्ज बाजूला ठेवून रोख पैसे वाटायला घेतलेले असतात. पुढील टप्पे या तीन चुका टाळण्याच्या दृष्टीने लावले आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

हा लेख अंतर्गत कर्ज देणाऱ्या व दरवर्षी पूर्ण वाटप करणाऱ्या गटापुरता आहे. लिलाव भिशीचा हिशेब वेगळा असतो. गटावर बँकेचे कर्ज असेल तर ते फिटेपर्यंत वाटप करू नये आणि शासकीय योजनेतून मिळालेला फिरता निधी हा गटाचा असल्यामुळे तो सभासदांत वाटण्याच्या रकमेत धरू नये.

उदाहरणासाठी दहा सभासदांचा एक गट घेऊ. एका हिश्श्याची मासिक बचत २०० रुपये आहे, बैठक दर महिन्याच्या ५ तारखेला होते, कर्जावरील व्याज दरमहा २ टक्के आहे आणि वाटप ३१ मार्चला आहे. सभासद क्रमांक १ ते ८ यांचा प्रत्येकी एक हिस्सा, क्रमांक ९ यांचे दोन हिस्से आहेत आणि क्रमांक १० या ५ ऑक्टोबरला एका हिश्श्याने गटात आल्या आहेत. मागील वर्षाचे सर्व वाटप झालेले असल्यामुळे आरंभीची शिल्लक शून्य आहे.

## टप्पा १: एप्रिलच्या बैठकीतच लिहून ठेवायचे नियम

वाटपाचे नियम वर्षाच्या शेवटी ठरवले तर प्रत्येक जण स्वतःला सोयीचा नियम सुचवतो. म्हणून पहिल्याच बैठकीत इतिवृत्त वहीत ठराव लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: व्याज उरलेल्या मुद्दलावर घ्यायचे की नाही, नफा कोणत्या प्रमाणात वाटायचा, मध्येच गट सोडणाऱ्या सभासदाला फक्त बचत परत द्यायची की नफाही द्यायचा, आणि कर्ज कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण फेडायचे.

गट सोडणाऱ्यास त्या दिवशी फक्त बचत परत द्यावी, असे माझे मत आहे. वर्षाच्या मध्यावर नफा किती होईल हे कोणालाच ठाऊक नसते आणि अंदाजाने दिलेली रक्कम मार्चमध्ये इतरांच्या वाट्यातून जाते.

इशारा: गटाबाहेरच्या व्यक्तीला व्याजाने पैसे देऊ नका. वसुलीचा प्रश्न तर येतोच, शिवाय असा व्यवहार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कक्षेत येऊ शकतो.

## टप्पा २: तीन वह्या आणि सभासदाचे पासबुक

रोजकीर्दीत त्या दिवशी आलेले पैसे जमा बाजूला आणि गेलेले पैसे नावे बाजूला लिहावेत. बचत व कर्ज नोंदवहीत प्रत्येक सभासदासाठी एक पान ठेवावे. तिसरी इतिवृत्त वही. सभासदाचे पासबुक हे नोंदवहीतील त्याच्या पानाची नक्कल असते आणि ते सभासदाकडेच राहिले पाहिजे. सगळी पासबुके सचिवांच्या घरी असतील तर ती पडताळणीच्या उपयोगाची राहत नाहीत, कारण चूक झाली तर ती दोन्हीकडे सारखीच होते.

रोजकीर्दीच्या जमा बाजूला बचत, कर्ज परतफेड, व्याज, दंड आणि बँक व्याज असे पाच स्वतंत्र रकाने आखावेत. नावे बाजूला कर्ज वाटप, खर्च, बचत परत आणि नफा वाटप हे चार रकाने पुरतात. बैठक संपण्यापूर्वी बेरीज करून शिल्लक मोजावी व ती सर्वांना वाचून दाखवावी.

## टप्पा ३: हप्त्यातील मुद्दल आणि व्याज वेगळे करणे

वर्षअखेर निघणाऱ्या बहुतेक चुका या टप्प्यावर झालेल्या असतात, म्हणून येथे घाई करू नये. सभासदाने पैसे दिले की आधी मागील बैठकीनंतर बाकी असलेल्या मुद्दलावरचे व्याज काढावे, दिलेल्या रकमेतून ते वजा करावे आणि जे उरेल तेवढीच कर्ज परतफेड लिहावी.

समजा, ५ जूनला एका सभासदाने ५,००० रुपये कर्ज घेतले आणि ५ जुलैला १,१०० रुपये भरले. ५,००० वर २ टक्के म्हणजे १०० रुपये व्याज, उरलेले १,००० मुद्दल, बाकी ४,०००. ऑगस्टमध्ये व्याज ८० रुपये होईल, सप्टेंबरमध्ये ६०. दरमहा १,००० रुपये मुद्दल फिटत गेल्यास पाच महिन्यांत एकूण ३०० रुपये व्याज होते. अनेक गटांत मात्र पहिल्या रकमेवरच दरमहा १०० रुपये घेत राहतात आणि त्याच कर्जावर ५०० रुपये वसूल होतात. गटाने तसे ठरवले असेल तर गोष्ट वेगळी. पण नियम उरलेल्या मुद्दलाचा आणि वसुली मूळ रकमेवर, असे झाले तर वरचे २०० रुपये त्या सभासदाला परत द्यावे लागतात आणि नफा तेवढाच कमी होतो.

एखाद्याने व्याजापेक्षाही कमी पैसे दिले, तर ती सगळी रक्कम व्याजात जमा करावी आणि राहिलेले व्याज नोंदवहीत ‘येणे व्याज’ म्हणून पेन्सिलने टिपून ठेवावे. ते हातात येईपर्यंत उत्पन्नात धरायचे नाही.

कर्ज देतानाच पहिल्या महिन्याचे व्याज कापून घेण्याची पद्धत असेल, तर सभासदाच्या हातात ४,९०० रुपये पडतात. पण रोजकीर्दीत नावे बाजूला ५,००० कर्ज आणि जमा बाजूला १०० व्याज अशा दोन नोंदी आल्याच पाहिजेत. नुसते ४,९०० लिहिले तर तेवढेच कर्ज दिसते आणि १०० रुपयांचे उत्पन्न वहीतून नाहीसे होते.

तपासणी: प्रत्येक बैठकीनंतर एकूण येणे कर्ज किती आहे, हा आकडा रोजकीर्दीच्या तळाशी लिहा. वर्षअखेर या बारा आकड्यांची बेरीज करून तिचे २ टक्के काढले की एकूण व्याजाशी ते जुळले पाहिजेत. आपल्या उदाहरणात ही बेरीज १,३२,००० येते, म्हणजे व्याज २,६४० हवे. कमी आले तर कोणाचे तरी व्याज थकले आहे किंवा मुद्दलात लिहिले गेले आहे. व्याज आधी कापून घेतले असले तरी ही तपासणी चालते.

## टप्पा ४: मार्चमधील तयारी

५ फेब्रुवारीनंतर नवीन कर्ज देणे थांबवावे. तातडीची गरज असेल तर सभासदाच्या स्वतःच्या बचतीइतकेच द्यावे, म्हणजे ते वाटपात वळते करता येते. ५ मार्चच्या बैठकीत सर्व पासबुके मागवून नोंदवहीशी एकेक ओळ ताडून पाहावीत आणि शेवटच्या ओळीखाली सभासदाची व खजिनदाराची सही घ्यावी. पासबुकात नोंद आहे पण वहीत नाही, असे आढळले तर त्या बैठकीच्या इतिवृत्तातील उपस्थिती आणि त्या दिवशीची रोख शिल्लक आधी पाहावी, मगच दुरुस्ती करावी. दुरुस्ती करताना जुना आकडा खोडून त्यावर लिहू नये. एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि सही असावी.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेचे पासबुक छापून आणावे. बँकेने जमा केलेले व्याज आणि कापलेले शुल्क, दोन्ही रोजकीर्दीत आणावे. ३१ मार्चनंतर जमा होणारे व्याज पुढील वर्षाचे धरावे. त्यासाठी वाटप अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

## टप्पा ५: दोन जुळण्या

वाटप सुरू करण्यापूर्वी दोन स्वतंत्र जुळण्या कराव्या लागतात. एकच जुळली म्हणून पुढे जाऊ नये.

पहिली जुळणी रोख रकमेची. आपल्या गटात वर्षभरात २५,२०० रुपये बचत आली, ५५,००० कर्ज परत आले, २,६४० व्याज, १२० दंड आणि ९० बँक व्याज मिळाले. एकूण जमा ८३,०५०. याच काळात ६१,००० रुपये कर्ज दिले आणि वह्या, पासबुके व बँकेचे शुल्क यांवर ३५० खर्च झाले. एकूण नावे ६१,३५०. उरले २१,७००. हातात १,२०० आणि बँकेत २०,५०० आहेत, म्हणजे रोख जुळली.

दुसरी जुळणी कर्जाची. दिलेले ६१,००० वजा परत आलेले ५५,०००, म्हणजे ६,००० येणे. सभासदांच्या पासबुकांतील कर्जबाकीची बेरीजही ६,०००च आली पाहिजे. आपल्या उदाहरणात हे सगळे क्रमांक ४ यांचे एकच कर्ज आहे आणि त्यावरचे मार्चचे १२० रुपये व्याज त्यांनी ३१ मार्चला भरले असून ते वरच्या व्याजात आले आहे.

दुसरी जुळणी का लागते ते पाहा. जुलैतील ते १,१०० रुपये सचिवांनी चुकून पूर्णच कर्ज परतफेडीत लिहिले असते, तरी पेटीतील पैसे तेवढेच राहिले असते आणि पहिली जुळणी बिनचूक दिसली असती. मात्र वहीप्रमाणे येणे कर्ज १०० रुपयांनी कमी आणि व्याज १०० रुपयांनी कमी निघाले असते. ही चूक सभासदाच्या पासबुकाशी ताडल्यावर सापडते.

रोख जुळत नसेल तर: फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेल्याची शक्यता आधी तपासा, ५४० च्या जागी ४५० लिहिले की ९० चा फरक पडतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद वहीत कुठे सापडली, तर ती जमेऐवजी नावे बाजूला पडली असावी. फरक २०० किंवा त्याच्या पटीत असेल तर एखाद्याची बचत पासबुकात आहे पण रोजकीर्दीत नाही, असे बहुधा निघते. कारण सापडत नाही म्हणून फरक ‘किरकोळ खर्च’ दाखवून पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: वाटायचा नफा किती

नफ्यात फक्त व्याज, दंड आणि बँक व्याज धरायचे असते. बचत ही सभासदांची ठेव आहे आणि परतफेड म्हणजे गटाचेच पैसे परत आलेले असतात, त्यामुळे ती दोन्ही उत्पन्न नाहीत. २,६४० अधिक १२० अधिक ९० म्हणजे २,८५०. त्यातून ३५० खर्च वजा जाता निव्वळ नफा २,५०० रुपये.

आता एक पडताळणी करावी. बचत २५,२०० अधिक नफा २,५०० म्हणजे २७,७००. दुसऱ्या बाजूला रोख व बँक शिल्लक २१,७०० अधिक येणे कर्ज ६,०००, म्हणजेही २७,७००. गटाचा हाच ताळेबंद. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

## टप्पा ७: प्रत्येकाचा वाटा काढणे

नफा सारखा वाटला तर प्रत्येकाला २५० रुपये मिळतील. मग दुप्पट बचत करणाऱ्या क्रमांक ९ यांना आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या क्रमांक १० यांना एकच रक्कम मिळेल. एकूण बचतीच्या प्रमाणात वाटला, तर क्रमांक ९ यांचे समाधान होईल. पण क्रमांक १० यांना सुमारे ११९ रुपये मिळतील आणि तेही जास्तच आहेत, कारण त्यांचे पैसे शेवटच्या सहा महिन्यांतच गटाच्या कामी आले. एप्रिलमध्ये भरलेल्या २०० रुपयांनी बारा महिने व्याज मिळवले आणि मार्चमध्ये भरलेल्या २०० रुपयांनी एकच महिना. वाटा या काळाच्या हिशेबाने काढला पाहिजे.

त्यासाठी २०० रुपयांच्या प्रत्येक भरण्याला तो जितके महिने गटात राहिला तितके गुण द्यावेत. एप्रिलच्या भरण्याला १२, मेच्या भरण्याला ११, असे उतरत मार्चला १. एका हिश्श्याचे पूर्ण वर्षाचे गुण ७८ होतात. दोन हिश्श्यांचे १५६. ऑक्टोबर ते मार्च भरणाऱ्याचे ६, ५, ४, ३, २, १ मिळून २१. क्रमांक १ ते ८ यांचे मिळून ६२४, त्यात १५६ आणि २१ मिळवले की गटाचे एकूण गुण ८०१.

बचत उशिरा भरली असेल तर गुण प्रत्यक्ष भरल्याच्या महिन्यापासून द्यावेत. ऑगस्टचे २०० रुपये सप्टेंबरमध्ये आले तर त्यांना ८ ऐवजी ७ गुण मिळतील. उशिराचा दंडही घेतला असेल तर ती दुहेरी शिक्षा होते, म्हणून यातील एकच पद्धत ठेवावी आणि ती टप्पा १ मधील ठरावात लिहावी.

आता सभासदाचे गुण गुणिले २,५०० भागिले ८०१ असा प्रत्येकाचा वाटा काढून पैसे सोडून द्यावेत:

| सभासद | बचत | गुण | नफा | एकूण |
|---|---|---|---|---|
| क्र. १ ते ८, प्रत्येकी | २,४०० | ७८ | २४३ | २,६४३ |
| क्र. ९ | ४,८०० | १५६ | ४८६ | ५,२८६ |
| क्र. १० | १,२०० | २१ | ६५ | १,२६५ |
| सर्व दहा जण | २५,२०० | ८०१ | २,४९५ | २७,६९५ |

पाच रुपये उरतात. ते पुढील वर्षाच्या आरंभीच्या शिलकेत दाखवावेत.

इशारा: एका गुणाला किती रुपये हे आधी काढून तो दर वर ओढू नका. येथे दर ३.१२ च्या किंचित वर येतो. तो ३.१३ धरला तर पैसे सोडूनही वाटप २,५०५ होते आणि शेवटच्या सभासदाला द्यायला पाच रुपये कमी पडतात. आधी गुणाकार, मग भागाकार, आणि पूर्णांकन नेहमी खाली.

## टप्पा ८: थकीत कर्ज वळते करणे आणि वाटपाचा दिवस

कागदावर २७,६९५ रुपये वाटायचे आहेत आणि हातात व बँकेत मिळून २१,७००च आहेत. क्रमांक ४ यांना त्यांचे २,६४३ रुपये रोख देऊन कर्ज ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे केले, तर तितकी रोख कमी होते आणि यादीत शेवटी असलेल्या सभासदांच्या वाट्याला वाट पाहणे येते. म्हणून आधी वळते करून घ्यावे: ६,००० वजा २,६४३, म्हणजे बाकी ३,३५७ रुपये. ही रक्कम क्रमांक ४ यांनी ३१ मार्चपर्यंत आणली की एकूण शिल्लक २५,०५७ होते, उरलेल्या नऊ जणांना २५,०५२ द्यायचे असतात आणि मघाचे पाच रुपये मागे राहतात. हिशेब बरोबर असल्याची ही अखेरची खूण आहे.

वळते करताना पैसे हलत नाहीत, म्हणून नोंदही करायची नाही, असा समज दिसतो. तो चुकीचा आहे. रोजकीर्दीत नावे बाजूला बचत परत २,४०० आणि नफा वाटप २४३, तर जमा बाजूला कर्ज परतफेड २,६४३, अशा नोंदी हव्यातच. त्या नसतील तर पुढच्या वर्षी नोंदवहीत क्रमांक ४ यांचे पूर्ण ६,००० रुपये कर्ज आणि २,४०० रुपये बचत दोन्ही जिवंत दिसतात.

३,३५७ रुपये आलेच नाहीत तर? तेव्हा उरलेल्या नऊ जणांनी आपल्या नव्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांची बचत वाटपातूनच आगाऊ ठेवावी. त्यांचे दहा हिस्से आहेत, म्हणजे ४,००० रुपये मागे राहतात, रोख द्यायचे २१,०५२ उरतात आणि शिल्लक ६४८. नवे वर्ष ३,३५७ येणे कर्ज व ६४८ रोख यांवर सुरू होते. दुसऱ्या बाजूला ४,००० आगाऊ बचत आणि पाच रुपये. हा मार्ग सर्वांच्या संमतीच्या ठरावानेच घ्यावा, कारण कर्ज बुडाले तर तोटा या नऊ जणांचा असतो. क्रमांक ४ यांना ही बाकी फिटेपर्यंत नवे कर्ज देऊ नये.

बँकेतील रक्कम अधिकृत सह्या करणाऱ्या दोघांनी ३० मार्चपर्यंत काढून आणावी. खात्यात किमान शिल्लक ठेवणे बंधनकारक असेल, तर तेवढी रक्कम हातात येणार नाही, हे आधीच लक्षात घेऊन ती सर्वांच्या आगाऊ बचतीत दाखवावी.

वाटपाच्या बैठकीत आधी बचत, गुण, नफा आणि वळते केलेले कर्ज असलेली पूर्ण यादी मोठ्याने वाचावी, शंका विचारू द्याव्यात आणि मगच पैसे मोजायला घ्यावेत. प्रत्येकाने रक्कम मोजून यादीसमोर सही किंवा अंगठा करावा. पासबुकात ‘बचत व नफा परत, खाते बंद’ असे लिहून बाकी शून्य करावी. नव्या वर्षाची एप्रिलची बचत त्याच बैठकीत गोळा करायची असेल तर ती वाटप संपून रोजकीर्द बंद झाल्यावर, नव्या पानावर घ्यावी. शेवटच्या शिलकेवर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघांच्या सह्या घ्याव्यात आणि तोच आकडा नव्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून उतरवावा.